गिरणीच्या मोटरचा तासाचा वीजखर्च काढून दळणाचा दर कसा ठरवावा

दळणाचा दर वाढवायचा विषय निघाला की बहुतेक गिरणीवाले दोन गोष्टी पुढे करतात: शेजारच्या गिरणीचा दर आणि महिन्याचं बिल. दर ठरवायला दोन्ही अपुऱ्या आहेत. शेजाऱ्याचं भाडं, त्याचे दगड, त्याचं गिऱ्हाईक सगळंच वेगळं. आणि बिलावर आलेली रक्कम किती मोठी आहे यावरून एका किलोमागे वीज किती गेली ते समजत नाही. ते समजायला तीन आकडे लागतात: एक युनिट आपल्याला खरं कितीला पडतं, मोटर तासाला किती युनिटं खाते, आणि त्या तासात किती किलो दळण निघतं. हे तिन्ही आकडे आपल्याच गिरणीत, जवळपास बिनखर्चात मिळतात.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातली एक गिरणी घेऊ. १० एचपीची थ्री फेज मोटर, एक दगडी चक्की, महावितरणचं कनेक्शन, मालक स्वतः दळायला उभा. पुढचे सगळे आकडे या गिरणीपुरते धरलेले आहेत. रीत तीच ठेवून त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

आधी युनिटचा खरा भाव

बिलावर वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, स्थिर आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. अनेकजण एकूण रक्कम घेऊन तिला युनिटांनी भागतात आणि आलेला आकडा युनिटचा भाव समजतात. यात एक घोळ आहे. स्थिर आकार गिरणी बंद असली तरी द्यावा लागतो, त्याचा मोटर चालण्याशी संबंध नाही. तो युनिटात मिसळला की मंदीच्या महिन्यात युनिट महाग झाल्यासारखं वाटतं आणि हंगामात स्वस्त. तासाचा खर्च काढायचा तर चालण्याबरोबर वाढणारा खर्च आणि न वाढणारा खर्च वेगळे ठेवायला हवेत.

त्यासाठी बिलाची ओळन् ओळ समजलीच पाहिजे असं नाही. एकाच वीजदराच्या काळातली दोन महिन्यांची बिलं घ्या, एक कमी वापराचं आणि एक जास्त वापराचं. दोन्हींतून थकबाकी, व्याज, मागची दुरुस्ती, सुरक्षा ठेव असलं काही असेल तर बाजूला काढा आणि फक्त चालू महिन्याची रक्कम ठेवा. आपल्या गिरणीत एका महिन्यात ४८० युनिटं आणि ४,८७४ रुपये, दुसऱ्या महिन्यात ६१० युनिटं आणि ६,०१८ रुपये. युनिटांतला फरक १३०, रुपयांतला फरक १,१४४. भागाकार ८.८०. म्हणजे जास्तीचं प्रत्येक युनिट ८ रुपये ८० पैशांना पडतं, सगळे आकार आणि शुल्क धरून. आता ४८० गुणिले ८.८० म्हणजे ४,२२४. बिलातून ते वजा केले की ६५० रुपये उरतात, तो महिन्याचा न हलणारा भाग.

इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलू शकतो. दोन्ही बिलांवर तो सारखा नसेल तर हा भागाकार थोडा चुकतो. तिसरं बिल घेऊन ताळा करून पाहा. फार तफावत आली तर दर बदललेला महिना शोधून तो वगळा.

बिल हातात आहे तोवर आणखी दोन ठिकाणी नजर टाका. एक, दराचा वर्ग. पिठाची गिरणी महावितरणच्या दरपत्रकात औद्योगिक वर्गात मोडते. बिलावर वाणिज्यिक लागलेलं असेल तर अर्ज करून ते दुरुस्त करून घ्या, कारण त्या वर्गाचा दर आणि वीज शुल्क दोन्ही जास्त आहेत. दुसरं, गुणक अवयव. तो १ असेल तर मीटरवरचा फरक म्हणजेच युनिटं. १ पेक्षा वेगळा असेल तर खालच्या प्रत्येक मोजणीला त्याने गुणावं लागेल.

एचपीच्या पाटीवरून तासाचं युनिट का ठरत नाही

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून १० एचपीची मोटर तासाला साडेसात युनिटं खाते, असा हिशोब सर्रास सांगितला जातो. पण पाटीवरचा १० एचपी हा आकडा मोटरच्या शाफ्टवर मिळणाऱ्या ताकदीचा असतो. मोटर तेवढी ताकद देताना स्वतः तापते, तिच्यातही वीज जाते. कार्यक्षमता ८७ टक्के धरली तर पूर्ण लोडला ती साडेसात नाही, सुमारे ८.६ युनिटं घेईल. दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोटर याहूनही जास्त घेऊ शकते.

उलट बाजूने पाहिलं तर गिरणीची मोटर पूर्ण लोडवर क्वचितच असते. दगड किती दाबले, धान्य किती सोडलं, यावर लोड ठरतो. आणि दोन दळणांच्या मधे चक्की रिकामी फिरते तेव्हा मोटर फक्त पट्टा, बेअरिंगं आणि दगडाचं वजन ओढत असते. तेव्हाचा वापर अगदीच कमी असतो. त्यामुळे एक आकडा धरून चालत नाही. भरल्या चक्कीचा आणि रिकाम्या चक्कीचा, असे दोन आकडे मोजावे लागतात.

मीटरवरून मोजणी

सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे तासाभराचं सलग दळण. एकाच धान्याची मोठी ऑर्डर किंवा सकाळी जमलेले गव्हाचे डबे एकत्र करून दळायला घ्या. सुरुवातीला मीटरवरचा kWh आकडा दशांशासकट लिहा, वेळ लिहा, धान्य वजन करून घ्या. चक्की मधे थांबवू नका, आणि गिरणीतले दिवे-पंखे शक्यतो बंद ठेवा. तासाने पुन्हा आकडा लिहा. आपल्या गिरणीत ९२ किलो गहू दळला गेला आणि मीटर ६.६ ने पुढे गेलं.

तासभर सलग दळण मिळत नसेल तर मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा वापरा. मीटरच्या पाटीवर imp/kWh असं लिहून त्याच्या आधी एक संख्या असते, समजा ८००. याचा अर्थ दिवा ८०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. भरल्या चक्कीवर तो इतका जलद लुकलुकतो की डोळ्याने मोजताना गडबड होते. मोबाइलवर एका मिनिटाचं चित्रीकरण करा आणि ते निम्म्या वेगाने लावून मोजा. मग:

```
तासाची युनिटं = ३६०० × लुकलुक ÷ (पाटीवरची संख्या × सेकंद)

भरली चक्की:  ३६०० × ८८ ÷ (८०० × ६०)  = ६.६
रिकामी चक्की: ३६०० × ६४ ÷ (८०० × १८०) = १.६
```

रिकाम्या चक्कीसाठी तीन मिनिटं मोजा, कारण दिवा सावकाश लुकलुकतो आणि एका मिनिटात एखादी लुकलुक सुटली तरी फरक मोठा पडतो. मोजताना दगड एकमेकांपासून सुटलेले असू द्या, जसे ते दोन गिऱ्हाइकांच्या मधे असतात.

वायरमनकडच्या क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजूनही वापर काढता येतो, पण तिथे एक फसगत असते. थ्री फेजसाठी १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर, असं सूत्र आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या करंटातला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा. भरल्या चक्कीवर ४१५ व्होल्ट, साडेअकरा अँपिअर आणि ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर ६.६ किलोवॅट येतात, म्हणजे मीटरशी जुळतं. रिकाम्या चक्कीवर तोच क्लॅम्प साडेपाच अँपिअर दाखवतो. तिथेही ०.८ धरलं तर ३.२ किलोवॅट येतील, म्हणजे खऱ्याच्या दुप्पट, कारण रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.४ च्या आसपास उतरलेला असतो. अँपिअर निम्मे झाले म्हणून वीजही निम्मीच झाली असं समजू नका. वीज त्याहून बरीच कमी झालेली असते. याच कारणामुळे कपॅसिटर बसवला की अँपिअर उतरलेले दिसतात, पण मीटरवरची युनिटं जवळपास तेवढीच राहतात. मोटरपर्यंतच्या वायरींना आणि व्होल्टेजला त्याचा उपयोग आहे. छोट्या कनेक्शनचं युनिटांवरचं बिल मात्र त्याने फारसं हलत नाही.

आता तासाचा वीजखर्च सरळ निघतो. भरली चक्की ६.६ गुणिले ८.८०, म्हणजे तासाला ५८ रुपये. रिकामी चक्की १.६ गुणिले ८.८०, म्हणजे तासाला १४ रुपये.

तासावरून किलोवर

गिऱ्हाईक किलोवर पैसे देतं, त्यामुळे तासाचा आकडा किलोवर उतरवायचा. गव्हाला ६.६ युनिटांत ९२ किलो, म्हणजे किलोला ०.०७२ युनिट. हीच मोजणी प्रत्येक मुख्य धान्याची एकदा करून ठेवा. आपल्या गिरणीत ज्वारी तासाला १०५ किलो निघाली आणि ६.३ युनिटं लागली. तांदूळ ८० किलो, ६.६ युनिटं. हरभऱ्याची डाळ ७० किलो, ६.७ युनिटं. पाहा, तासाची युनिटं चारही धान्यांना जवळपास सारखीच आहेत. फरक पडतो तो निघणाऱ्या किलोंमध्ये. बेसन बारीक हवं असतं, डाळ हळू सोडावी लागते, म्हणून तीच वीज आणि तोच वेळ कमी किलोंवर पडतो. दर ठरवताना हेच निरीक्षण कामी येणार आहे.

ज्या गावांत अजून पायलीवर दळण घेतात तिथे प्रत्येक धान्याची पायली एकदा वजन करून घ्या. पायलीचं माप एकच असलं तरी धान्यागणिक तिचं वजन बदलतं.

आता महिन्याचा ताळा. त्या ४८० युनिटांच्या महिन्यात ५,२०० किलो दळलं गेलं: गहू २,७००, ज्वारी १,२००, तांदूळ ७००, डाळ ६००. धान्यवार युनिटं लावली तर दळण्यात ३८१ युनिटं गेली आणि भरली चक्की सुमारे ५८ तास चालली. चक्की रिकामी फिरण्याचे तास एक आठवडा वहीत टिपून महिन्यावर नेले तर ४५ आले, त्याची ७२ युनिटं. उरलेली २७ युनिटं दिवे, पंखा आणि वजनकाट्याची. बेरीज ४८०, म्हणजे मोजणी बरोबर आहे. तुमची बेरीज बिलापेक्षा बरीच कमी भरली तर एक तर रिकामे तास कमी टिपले गेलेत, किंवा मीटरवरून आणखी काहीतरी चालतंय. घराची वायर गिरणीच्या मीटरला जोडलेली असण्याचा प्रकार जुन्या वाड्यांत असतो.

किलोमागे विजेची वाटणी अशी पडली: प्रत्यक्ष दळण्याचे ६४ पैसे, रिकाम्या फिरण्याचे १२, दिव्या-पंख्याचे ५, स्थिर भागाचे १३. एकूण सुमारे ९४ पैसे.

रिकामं फिरणं आणि बंद-चालू

ते १२ पैसे म्हणजे महिन्याला ६३४ रुपये, आणि त्यातला बराचसा भाग वाचवता येतो. मोटर सुरू करताना करंट चालू करंटच्या सहा-सात पट जातो, म्हणून बंद-चालू करण्यापेक्षा फिरू द्यावी असं पुष्कळांचं मत असतं. पण तो करंट काही सेकंदच टिकतो. जड दगडासकट वेग घ्यायला सहा सेकंद धरले आणि त्या वेळी १८ किलोवॅट धरले, तरी ०.०३ युनिट होतं, म्हणजे २६ पैसे. तेवढीच वीज रिकामी चक्की एका मिनिटाच्या थोड्या पुढे गेली की खाते. नुसत्या विजेच्या हिशोबाने दोन मिनिटांच्या खोळंब्यालाही बंद करणं परवडतं. पण प्रत्येक सुरुवातीला वाइंडिंग तापतं, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट झिजतात, पट्ट्याला झटका बसतो. म्हणून मी पाच मिनिटांची मर्यादा सांगतो: पुढचं गिऱ्हाईक पाच मिनिटांत येणार नसेल तर बंद करा, आणि तासात चार-पाच वेळांहून जास्त सुरुवाती होऊ देऊ नका.

याहून मोठा फायदा डबे ठेवून घेण्यात आहे. गिऱ्हाइकाला संध्याकाळची वेळ द्या, सगळा गहू सलग, मग ज्वारी-बाजरी, मग डाळ. उपवासाच्या राजगिऱ्या-भगरीला ठरावीक वार ठेवला तर चक्की एकदाच स्वच्छ करावी लागते. रिकामे तास ४५ वरून २० वर आले तर महिन्याला ४० युनिटं, म्हणजे साडेतीनशे रुपये वाचतात, शिवाय मालकाचा उभं राहण्याचा वेळ.

वीज दरात कशी बसवायची

९४ पैसे पाहून काहींना हायसं वाटेल, काहींना पटणार नाही. बिल कागदावर छापून येतं म्हणून डोळ्यात भरतं. मालकाची मजुरी, दगडांची झीज आणि पुढे कधीतरी येणारं रिवाइंडिंग यांचं बिल महिन्याला येत नाही, म्हणून ते दरातून सुटतं. आपल्या गिरणीचा महिना असा मांडू: भाडं ४,०००, मालकाची स्वतःची मजुरी १५,०००, टाकी लावणं-पट्टा-बेअरिंग १,२००, मोटर आणि दगडांसाठी बाजूला ठेवायचे ८००, किरकोळ ५००. हे झाले २१,५००. त्यात विजेचे ४,८७४. एकूण २६,३७४ रुपये.

ही रक्कम सरसकट ५,२०० किलोंनी भागली तर ५ रुपये ७ पैसे येतात आणि सगळ्या धान्यांना एकच दर लागतो. मग ज्वारीवाला डाळवाल्याचा खर्च भरतो. त्याऐवजी भरल्या चक्कीच्या तासांनी भागा. २६,३७४ भागिले ५८ म्हणजे दळणाच्या एका तासामागे ४५५ रुपये निघाले पाहिजेत. वर पाहिल्याप्रमाणे तासाची युनिटं सगळ्या धान्यांना सारखीच आहेत, म्हणून ही वाटणी विजेलाही लागू पडते. आता प्रत्येक धान्याच्या तासाच्या किलोंनी भागा आणि १० टक्के वर ठेवा.

```
ज्वारी  ४५५ ÷ १०५ = ४.३३  → १०% धरून ४.७७ → दर ५.००
गहू    ४५५ ÷ ९२  = ४.९५  → १०% धरून ५.४४ → दर ५.५०
तांदूळ  ४५५ ÷ ८०  = ५.६९  → १०% धरून ६.२६ → दर ६.५०
डाळ    ४५५ ÷ ७०  = ६.५०  → १०% धरून ७.१५ → दर ७.५०
```

या दरांनी त्या महिन्याचं उत्पन्न २९,९०० होतं. मजुरी धरून सगळा खर्च जाऊन साडेतीन हजार उरतात. मंदीच्या महिन्याला आणि अचानक जळणाऱ्या मोटरला आधार म्हणून ते हवेतच.

किलोभर भाजणीसारख्या छोट्या दळणाला किलोचा दर पुरत नाही. चक्की झाडून घेणं, आधीचं पीठ काढून टाकणं, दगड जुळवणं, दळणं यात चार मिनिटं जातात. इथे भरले आणि रिकामे मिळून १०३ तास धरा. चक्की फिरते त्या प्रत्येक तासाला २५६ रुपये पडतात, म्हणजे चार मिनिटांना १७. त्यातली वीज दोन रुपयांचीही नाही, बाकी तुमचा वेळ आहे. दिवाळीच्या आधी अशा डब्यांची रांग लागते. त्यासाठी किमान २० रुपये हा दर फळ्यावर आधीच लिहिलेला असावा, म्हणजे प्रत्येकाशी वेगळी घासाघीस करावी लागत नाही.

वीजदर वाढला तर किती वाढवायचं

युनिटमागे एक रुपया वाढला असं समजा. महिन्याला ४८० युनिटांवर ५,२०० किलो निघतात, म्हणजे किलोमागे सगळी धरून ०.०९२ युनिट. एक रुपयाची वाढ किलोला ९ पैसे होते. ‘लाइट महागली’ म्हणून दळण एकदम रुपयाने वाढवलं तर त्यातला विजेचा वाटा एक दशांशही नाही. रुपया वाढवणं गरजेचं असू शकतं, पण त्याचं कारण मजुरी आणि भाडं असेल, आणि गिऱ्हाइकाला ते तसंच सांगावं.

दळण घटलं तर मात्र दर भराभर हलतो. ५,२०० किलोंचे ४,००० झाले तर भाडं, मजुरी आणि स्थिर आकार मिळून २२,१५० रुपये तेवढ्याच किलोंवर बसतात. किलोमागे ४.२६ होते ते ५.५४ होतात. पावसाळ्यात हे दरवर्षी घडतं. गिऱ्हाईक कमी, आणि सादळलेलं धान्य दगडाला चिकटून तासाचे किलोही उतरतात. म्हणून दर एका महिन्यावर ठरवू नका, वर्षाच्या एकूण किलोंवर ठरवा.

किलोचं युनिट वाढलं तर काय पाहायचं

गव्हाची तासाभराची मोजणी दर दोन महिन्यांनी करा. ०.०७२ चं ०.०९० झालं तर विजेचं नुकसान किलोला १६ पैसे. पण तासाचे किलो ९२ वरून ७२ वर आले असतील तर त्या ४५५ रुपयांच्या हिशोबाने नुकसान १ रुपया ३७ पैशांचं आहे.

सगळ्यात आधी पीठ हातात घ्या. ते नेहमीपेक्षा गरम लागलं आणि दगड जास्त दाबावे लागत असतील तर दगड बोथट झाले आहेत, टाकी लावायची वेळ झाली. पीठ ठीक आहे पण पुली तापते, रबराचा वास येतो, धान्य सोडलं की चक्की मंदावते आणि मोटर तशीच फिरते, तर पट्टा घसरतोय. चक्की रिकामी असतानाच १.६ चा आकडा चढला असेल तर दोष दळण्यात नाही, बेअरिंगमध्ये किंवा मोटर-चक्कीच्या रेषेत आहे. पट्टा उतरवून नुसती मोटर फिरवून मोजा, म्हणजे दोष मोटरचा की चक्कीचा ते कळेल. संध्याकाळीच आकडा बिघडत असेल तर वायरमनकडून तिन्ही फेजचं व्होल्टेज तपासून घ्या. व्होल्टेज पडलं की तेच दळण काढायला मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. एक फेज बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली तर दळण थांबवून आधी ती दुरुस्त करून घ्या. तशी चालवलेली मोटर रिवाइंडिंगलाच जाते.

यासाठी वहीत महिन्याच्या एका पानावर चार नोंदी पुरतात: पहिल्या आणि शेवटच्या तारखेचा मीटरचा आकडा, धान्यवार किलो, चक्की रिकामी फिरल्याचे तास आणि चालू बिलाची रक्कम. टाकी कधी लावली आणि पट्टा कधी बदलला ते त्याच पानाच्या समासात तारखेसह लिहा.